वहीच्या फोटोपासून थर्ड नॉर्मल फॉर्मपर्यंत

डेटाबेसचे काम पुष्कळदा एखाद्या फोटोपासून सुरू होते. कुणीतरी हिशेबाच्या वहीचे पान मोबाइलवर टिपून पाठवते आणि म्हणते, ‘हे संगणकावर घ्यायचे आहे.’ परीक्षेतही छापील तक्ता समोर ठेवून ‘थर्ड नॉर्मल फॉर्मपर्यंत न्या’ असे सांगितलेले असते. दोन्हीकडे एकच चूक होते. लोक तक्त्याकडे पाहून रकान्यांचे गट पाडू लागतात, कारण काही रकाने एकमेकांशेजारी ‘शोभतात’. नॉर्मलायझेशन मात्र शोभण्यावर चालत नाही. ते फंक्शनल डिपेंडन्सीवर, म्हणजे कोणत्या रकान्याची किंमत कळली की दुसऱ्या कोणत्या रकान्याची किंमत ठरून जाते, या नियमांवर चालते. हे नियम फोटोत लिहिलेले नसतात, ते व्यवसायात असतात. एखादा नियम खोटा आहे एवढे फोटो दाखवू शकतो. तो खरा आहे, हे फोटोवरून कधीच सिद्ध होत नाही.

हे नीट समजावे म्हणून गावच्या दूध संस्थेच्या संकलन वहीचे एक पान शेवटपर्यंत सोडवू. पान उदाहरणासाठी रचलेले आहे आणि त्यातले दर व कोडही नमुन्याचे आहेत. रकाने मात्र अशा वहीत असतात तसेच आहेत. बँक खाते क्रमांकाचा रकाना जागेअभावी वगळला आहे. तो नावाच्या रकान्यासारखाच वागतो.

फोटो उतरवून घेताना

पानाच्या डोक्यावर ‘दरपत्रक क्र. ३’ असे लिहिले आहे आणि तळाशी ‘एकूण ४२ लिटर, १५७८ रुपये’. मधला तक्ता असा आहे:

| तारीख | सत्र | सभासद क्र. | नाव | आयएफएससी | शाखा | दूध (लिटर, फॅट/एसएनएफ) | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १ जून | सकाळ | १२ | जाधव | DCCB0000041 | वडगाव | गाय ८, ३.५/८.५, म्हैस ४, ६.०/९.० | ३४, ५० | २७२, २०० |
| ,, | ,, | १७ | शिंदे | DCCB0000041 | वडगाव | गाय १०, ३.५/८.५ | ३४ | ३४० |
| ,, | संध्याकाळ | १२ | जाधव | DCCB0000041 | वडगाव | गाय ६, ३.८/८.५ | ३५ | २१० |
| २ जून | सकाळ | १७ | शिंदे | DCCB0000041 | वडगाव | गाय ९, ३.५/८.५ | ३४ | ३०६ |
| ,, | ,, | २१ | मोरे | GRBK0000007 | पेठ | म्हैस ५, ६.०/९.० | ५० | २५० |

आधी फोटोत पानाच्या चारही कडा आल्या आहेत का ते पाहा. डोक्यावरची ओळ आणि तळाची बेरीज हीसुद्धा माहितीच आहे. या उदाहरणात डोक्यावरची ओळ पुढे निर्णायक ठरणार आहे. मग तक्ता जसा दिसतो तसा उतरवा, पण ‘,,’ अशा खुणांच्या जागी खरी किंमत लिहा. कागदावर त्या खुणेचा अर्थ ‘वरच्या ओळीप्रमाणे’ असा असतो. डेटाबेसमधल्या ओळींना वर-खाली असा क्रम नसतो, त्यामुळे तिथे ती खूण निरर्थक होते. रिकामा चौकोन आणि शून्य यांत गल्लत करू नका. खोडलेला आकडा दिसला तर दोन्ही आकडे बाजूला टिपून ठेवा.

आता एक तपासणी लगेच उरका, कारण ती नंतर करता येणार नाही. प्रत्येक नोंदीत लिटर गुणिले दर बरोबर रक्कम येते का? ८ गुणिले ३४ म्हणजे २७२, जुळले. घाईत लिहिलेला ८ तुम्ही ३ असा वाचला असता, तर ३ गुणिले ३४ म्हणजे १०२ आले असते आणि चूक तिथेच सापडली असती. कागदावरची पुनरुक्ती हा वाचनाचा पुरावा असतो. आपण ती पुढे काढून टाकणार आहोत, म्हणून काढण्यापूर्वी तिचा उपयोग करून घ्या. सहाही रकमांची बेरीज १५७८ भरते, म्हणजे रकमा नीट वाचल्या गेल्या.

पहिली पायरी: एका चौकोनात एकच किंमत

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले, तेव्हाच ही पहिली अट घातली होती: ओळ आणि रकाना जिथे छेदतात तिथे एकच सुटी किंमत असावी. आपल्या पहिल्या ओळीत जाधवांचे गाईचे आणि म्हशीचे दूध एकाच चौकोनात आहे. शिवाय ‘गाय ८, ३.५/८.५’ या एका नोंदीत चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

यामुळे होणारा त्रास अगदी साधा आहे. ‘आज म्हशीचे एकूण दूध किती?’ हे विचारायचे तर मजकूर फोडून त्यातून आकडे वेचावे लागतात. जाधवांचे फक्त म्हशीचे माप चुकले असेल तर दुरुस्तीसाठी पूर्ण चौकोन पुन्हा लिहावा लागतो, आणि लिहिताना गाईचा आकडा बिघडू शकतो. त्यातच तीन चौकोनांतल्या जोड्या केवळ क्रमावर जुळलेल्या आहेत. ३४ हा गाईचा दर आणि ५० हा म्हशीचा, हे स्वल्पविरामाच्या जागेवरून समजून घ्यायचे. एक स्वल्पविराम निसटला की दर भलत्याच दुधाला लागतो.

म्हणून प्रकार, लिटर, फॅट आणि एसएनएफ असे चार रकाने करा आणि जाधवांच्या सकाळच्या नोंदीच्या दोन ओळी करा. तक्ता आता सहा ओळींचा झाला:

| तारीख | सत्र | सभासद_क्र | प्रकार | नाव | आयएफएससी | शाखा | लिटर | फॅट | एसएनएफ | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १ जून | सकाळ | १२ | गाय | जाधव | DCCB0000041 | वडगाव | ८ | ३.५ | ८.५ | ३४ | २७२ |
| १ जून | सकाळ | १२ | म्हैस | जाधव | DCCB0000041 | वडगाव | ४ | ६.० | ९.० | ५० | २०० |
| १ जून | सकाळ | १७ | गाय | शिंदे | DCCB0000041 | वडगाव | १० | ३.५ | ८.५ | ३४ | ३४० |
| १ जून | संध्याकाळ | १२ | गाय | जाधव | DCCB0000041 | वडगाव | ६ | ३.८ | ८.५ | ३५ | २१० |
| २ जून | सकाळ | १७ | गाय | शिंदे | DCCB0000041 | वडगाव | ९ | ३.५ | ८.५ | ३४ | ३०६ |
| २ जून | सकाळ | २१ | म्हैस | मोरे | GRBK0000007 | पेठ | ५ | ६.० | ९.० | ५० | २५० |

हे फर्स्ट नॉर्मल फॉर्म. इथे पुनरुक्ती कमी झाली नाही, उलट जाधवांचे नाव आणि बँक एकदा जास्तच लिहिली गेली. त्यात बिघडले काही नाही. ही पायरी पुनरुक्ती घालवत नाही, ती उघड्यावर आणते.

नियम कोणाला विचारायचे

आता डिपेंडन्सी लिहायच्या. फक्त तक्त्याकडे पाहिले तर खूप ‘नियम’ दिसू लागतात. शिंद्यांच्या दोन्ही ओळींत गाईचे दूध आहे, म्हणून सभासद_क्र → प्रकार असे म्हणावेसे वाटेल. पण जाधवांच्याच ओळी ते खोडून काढतात: १२ क्रमांकासमोर गाय आणि म्हैस दोन्ही आहेत. इथे फोटोने स्पष्ट ‘नाही’ म्हटले.

फोटो ‘नाही’ म्हणत नाही तिथेच खरी फसगत होते. या सहा ओळींत नाव → सभासद_क्र खरे दिसते, पण उद्या गावातले दुसरे जाधव सभासद झाले की ते मोडेल. शाखा → आयएफएससी हेही खरे दिसते, पण वडगावात दोन बँकांच्या शाखा असू शकतात. नुसत्या फॅटवरून दर ठरतो, असेही या पानावर दिसते: ३.५ ला ३४, ३.८ ला ३५, ६.० ला ५०. प्रत्यक्षात दर फॅट आणि एसएनएफ दोन्हींवर ठरतो, आणि गाय व म्हैस यांचे तक्ते वेगळे असतात. सहा ओळींत हे उघड झाले नाही, एवढेच.

म्हणून नियम माणसांना विचारा. संस्थेच्या सचिवांना सरळ प्रश्न करा आणि उत्तरे लिहून घ्या. एक क्रमांक कधी दोन सभासदांना असतो का? एका सभासदाचे पैसे दोन खात्यांत जातात का? एकाच सत्रात एकाच प्रकारचे दूध एक सभासद दोनदा घालू शकतो का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर तारीख, सत्र, सभासद_क्र आणि प्रकार मिळूनही एकच माप ठरत नाही आणि प्रत्येक मापाला पावती क्रमांक द्यावा लागतो. आपल्या संस्थेत उत्तर ‘नाही’ असे धरू. मग नियम हे:

- सभासद_क्र → नाव, आयएफएससी
- आयएफएससी → शाखा
- तारीख, सत्र, सभासद_क्र, प्रकार → लिटर, फॅट, एसएनएफ
- प्रकार, फॅट, एसएनएफ → दर
- लिटर, दर → रक्कम

दुसरा नियम सचिवांच्या शब्दावर सोडायची गरज नाही. आयएफएससी हा ११ अक्षरांचा कोड असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि शेवटची सहा शाखेची. कोड कळला की शाखा ठरलीच. चौथा नियम सध्या ‘या पानापुरता’ खरा आहे, अशी खूण त्याच्यापुढे करून ठेवा.

की शोधणे

या नियमांवरून की शोधता येते, तिचा अंदाज बांधावा लागत नाही. नियमांच्या उजव्या बाजूला कधीच न येणारे रकाने कोणते? तारीख, सत्र, सभासद_क्र आणि प्रकार. यांना ठरवणारे दुसरे काही नाही, म्हणून प्रत्येक कीमध्ये ते असणारच. आता एवढे चार हाती घेऊन कुठवर पोचतो ते पाहा. सभासद_क्र असल्याने नाव आणि आयएफएससी मिळाले. आयएफएससीमुळे शाखा मिळाली. चारही मिळून लिटर, फॅट, एसएनएफ मिळाले. प्रकार, फॅट, एसएनएफ हातात आल्यावर दर मिळाला, आणि लिटर व दर मिळून रक्कम. सगळे रकाने गोळा झाले, म्हणजे हे चार मिळून की आहे. ते चार प्रत्येक कीमध्ये लागतातच, त्यामुळे दुसरी की नाही.

या गोळा करण्याला क्लोजर काढणे म्हणतात. परीक्षेच्या उत्तरात ही साखळी पायरीने लिहा. ‘की आहे’ एवढे विधान पुरत नाही.

दुसरी पायरी: अर्ध्या कीवर टेकलेले रकाने

सेकंड नॉर्मल फॉर्मची अट अशी: कीमध्ये नसलेला कोणताही रकाना कीच्या फक्त एका भागावर अवलंबून नसावा. आपली की चार रकान्यांची आहे, पण नाव आणि आयएफएससी ठरवायला त्यातला एकटा सभासद_क्र पुरतो. शाखाही त्याच्याच मागून येते. हे तीन रकाने अर्ध्या कीवर टेकले आहेत.

यातून तीन वेगवेगळे बिघाड होतात. पुस्तकांत ते अपडेट, इन्सर्शन आणि डिलिशन अ‍ॅनॉमली या नावांनी येतात. आपल्या पानावर ते असे दिसतात.

जाधवांनी बँक बदलली तर त्यांच्या तीन ओळी बदलाव्या लागतील. दोन बदलल्या आणि एक राहिली, तर त्यांची बँक कोणती याची दोन उत्तरे तयार होतात आणि त्यांपैकी खरे कोणते, हे तक्ता सांगू शकत नाही. ही अपडेट अ‍ॅनॉमली.

नव्या सभासदाने नाव नोंदवले, पण त्याची गाय अजून व्यायची आहे. त्याने दूध घातलेले नाही, म्हणजे तारीख, सत्र, प्रकार यांना किंमत नाही. हे तिन्ही कीचे भाग आहेत आणि कीचा भाग रिकामा ठेवता येत नाही, म्हणून त्या माणसाची नोंदच करता येत नाही. ही इन्सर्शन अ‍ॅनॉमली.

मोरे यांची एकच ओळ आहे. ती नोंद चुकून झाली होती असे कळून ती पुसली, तर २१ क्रमांक मोरे यांचा आहे आणि त्यांची बँक कोणती, हेही पुसले जाते. ही डिलिशन अ‍ॅनॉमली.

उपाय असा: ज्या रकान्याने ठरवले तो आणि ज्यांना ठरवले ते रकाने उचलून वेगळा तक्ता करा आणि ठरवणारा रकाना मूळ तक्त्यातही राहू द्या.

- सभासद (सभासद_क्र, नाव, आयएफएससी, शाखा): ३ ओळी
- संकलन (तारीख, सत्र, सभासद_क्र, प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम): ६ ओळी

जाधवांची बँक आता एकाच ओळीत आहे. नवा सभासद दूध न घालताही नोंदवता येतो, आणि मोरे यांचे संकलन पुसले तरी मोरे राहतात.

तक्ता फोडताना जोड कोणत्या रकान्यावर ठेवायचा, हे मनाने ठरवता येत नाही. समजा कुणी सभासद_क्र ऐवजी शाखा हा रकाना दोन्हीकडे ठेवला. वडगाव शाखेच्या पाच ओळी संकलनात आहेत आणि त्या शाखेचे दोन सभासद आहेत. पुन्हा जोडताना प्रत्येक ओळ दोघांनाही चिकटते: पाचच्या दहा होतात, मोरे यांची एक, मिळून अकरा. मूळ ओळी सहाच होत्या. ओळी वाढल्या तरी माहिती हरवली, कारण दूध कोणाचे हे आता कळत नाही. नियम लक्षात ठेवा: दोन तुकड्यांतला सामाईक रकाना त्यांपैकी निदान एका तुकड्याची की असला पाहिजे. सभासद_क्र ही सभासद तक्त्याची की आहे, शाखा नाही.

तिसरी पायरी: साखळीने आलेले रकाने

तक्ते सेकंड नॉर्मल फॉर्ममध्ये आले, तरी पुनरुक्ती उरलेली आहे. सभासद तक्त्यात DCCB0000041 समोर ‘वडगाव’ दोनदा आहे. संकलनात गाय, ३.५, ८.५ समोर ३४ हा दर तीनदा आहे. हे रकाने कीच्या तुकड्यावर टेकलेले नाहीत. ते मधल्या कुणाच्या तरी आधाराने कीपर्यंत पोचतात.

थर्ड नॉर्मल फॉर्मची तपासणी प्रत्येक नियमावर अशी करा. नियमाची डावी बाजू त्या तक्त्यातली पूर्ण ओळ ठरवते का? ठरवत असेल तर ठीक. नसेल, तर उजवीकडचा रकाना एखाद्या कीचा भाग आहे का? असेल तरीही ठीक. दोन्ही उत्तरे ‘नाही’ आली, तर नियम मोडला.

आयएफएससी → शाखा हा नियम सभासद तक्त्यात मोडतो. आयएफएससी पूर्ण ओळ ठरवत नाही, कारण एकाच शाखेत अनेक सभासदांची खाती असतात, आणि शाखा कोणत्याही कीचा भाग नाही.

संकलनातले दोन नियम मोडतात, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. साखळी अशी आहे: की → फॅट, एसएनएफ → दर → रक्कम. सुरुवात शेवटच्या टोकापासून, रकमेपासून करा. रक्कम लिटर आणि दर यांवरून ठरते. तिचा वेगळा तक्ता केला तर तो पाढ्यांचा तक्ता होईल. म्हणून रकाना सरळ काढा आणि रक्कम लागेल तेव्हा गुणाकार करा. आधी दर हलवला असता, तर लिटर एका तक्त्यात आणि दर दुसऱ्यात गेला असता. मग रक्कम संकलनात तशीच पडून राहिली असती, आणि ती जादा आहे हे एका तक्त्याकडे पाहून कळलेही नसते. सभासदाच्या हाती दिलेल्या बिलावरची, पूर्ण रुपयांत करून छापलेली रक्कम ही वेगळी घटना आहे. तिची जागा बिलांच्या तक्त्यात.

मग दर. प्रकार, फॅट, एसएनएफ → दर या नियमात प्रकार कीचा भाग आहे, पण फॅट आणि एसएनएफ नाहीत. म्हणून हा अर्ध्या कीचा प्रश्न नव्हता आणि दुसऱ्या पायरीत तो पकडला गेला नाही. तिसऱ्या पायरीत तो सापडतो, आणि त्याच्या तिन्ही अ‍ॅनॉमली दुधाच्या धंद्यात अगदी नेहमीच्या आहेत. गाईच्या ३.५/८.५ चा दर चुकीचा लिहिला गेला होता असे कळले, तर तीन ओळी शोधून दुरुस्त कराव्या लागतात. म्हशीच्या ७.०/९.० चा दर संस्थेने ठरवला आहे, पण तसे दूध कुणी घातलेच नाही, तर तो लिहायला जागा नाही. आणि ३.८/८.५ ला ३५ रुपये, हे फक्त जाधवांच्या संध्याकाळच्या ओळीत आहे. ती ओळ पुसली की तो दर संस्थेच्या डेटाबेसमधून नाहीसा होतो.

फोडल्यावर चार तक्ते झाले:

- बँकशाखा (आयएफएससी, शाखा): २ ओळी
- सभासद (सभासद_क्र, नाव, आयएफएससी): ३ ओळी
- दर (प्रकार, फॅट, एसएनएफ, दर): ३ ओळी
- संकलन (तारीख, सत्र, सभासद_क्र, प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ): ६ ओळी

प्रत्येक तक्त्यात आता उरलेल्या प्रत्येक नियमाची डावी बाजू ही त्या तक्त्याची की आहे. परीक्षेचा प्रश्न असेल तर इथे उत्तर संपते. प्रत्यक्ष काम असेल तर अजून एक टप्पा आहे.

दुसरे पान आल्यावर

त्याच वहीचे पुढचे पान आले. त्यात एक ओळ आहे: १२ जून, सकाळ, जाधव, गाय ७ लिटर, ३.५/८.५, दर ३५, रक्कम २४५. आपला नियम म्हणतो की गाईच्या ३.५/८.५ ला ३४. पाने शंभर असली तर अशा ओळी डोळ्यांनी सापडणार नाहीत. उतरवलेल्या सगळ्या ओळी एका कच्च्या तक्त्यात टाका आणि नियमालाच प्रश्न करा:

```sql
SELECT milk_type, fat, snf
FROM photo_rows
GROUP BY milk_type, fat, snf
HAVING COUNT(DISTINCT rate) > 1;
```

या क्वेरीने एकही ओळ दिली नाही तर नियम अजून मोडलेला नाही, इतकेच समजायचे. ओळ दिली तर एकाच गुणवत्तेला दोन दर लागले आहेत. `COUNT(DISTINCT …)` रिकाम्या किमती मोजत नाही, म्हणून न वाचता आलेले दर आधी वेगळे पाहून घ्या.

ओळ मिळाली की पहिला प्रश्न: वाचन चुकले की नियम? इथे रक्कम पुन्हा उपयोगी पडते. ७ गुणिले ३५ म्हणजे २४५, आकडे आपसांत जुळतात. वाचन बरोबर आहे, म्हणजे नियम अपुरा आहे. कारण पानाच्या डोक्यावर सापडते: या पानावर ‘दरपत्रक क्र. ४’ आहे. दर ठरवणारी चौथी गोष्ट सुरुवातीपासून तिथेच होती, फक्त तिला रकाना नव्हता. खरा नियम असा:

- दरपत्रक_क्र, प्रकार, फॅट, एसएनएफ → दर

हे न ओळखता कुणी दर तक्त्यात ३४ खोडून ३५ केला, तर काय होईल? रक्कम आता गुणाकाराने निघते, त्यामुळे जूनच्या पहिल्या दोन दिवसांचे ८, १० आणि ९ असे २७ लिटर दूधही ३५ च्या दराने मोजले जाईल. वाटप झालेले बिल आणि संगणक यांत २७ रुपयांचा फरक पडेल, आणि तो का पडला हे सांगणारी एकही नोंद उरणार नाही. तक्ते थर्ड नॉर्मल फॉर्ममध्येच होते. चुकीच्या नियमावर केलेले नॉर्मलायझेशन चुकीचे उत्तर नीटनेटके करून देते.

दुरुस्ती करताना दरपत्रक_क्र संकलनात घालावासा वाटेल. तो मोह टाळा. सचिव सांगतात की नवे दरपत्रक नेहमी सकाळच्या सत्रापासून लागू होते, म्हणजे तारीख → दरपत्रक_क्र. तारीख कीचा भाग आहे, म्हणून तो रकाना संकलनात घातल्याबरोबर दुसऱ्या पायरीत काढलेला दोष परत येतो. त्याऐवजी दरपत्रक कधीपासून लागू झाले तेच नोंदवा:

- दरपत्रक (दरपत्रक_क्र, लागू_तारीख)
- दर (दरपत्रक_क्र, प्रकार, फॅट, एसएनएफ, दर)

संकलनाच्या तारखेपर्यंत लागू झालेल्या दरपत्रकांपैकी सर्वांत अलीकडचे दरपत्रक घेऊन दर शोधा. संस्थेत दरपत्रक मध्येच, संध्याकाळच्या सत्रापासून बदलत असेल, तर लागू_तारीखसोबत सत्रही नोंदवावे लागेल. हेही विचारूनच ठरवायचे.

शेवटची तपासणी

तक्ते भरून झाल्यावर ते पुन्हा जोडा. पहिल्या पानाच्या बरोबर सहा ओळी परत यायला हव्यात. जास्त आल्या तर जोडाचा रकाना चुकला आहे. कमी आल्या तर एखादा आयएफएससी किंवा एखादा दर आपल्या तक्त्यात भरायचा राहिला आहे. मग गुणाकाराने निघालेल्या रकमांची बेरीज पानाच्या तळाशी लिहिलेल्या १५७८ शी आणि लिटरची ४२ शी ताडून पाहा.

तक्त्यांच्या आराखड्यासोबत नियमांची यादीही जपून ठेवा. प्रत्येक नियमासमोर तो कोणी आणि कधी सांगितला, हे लिहा. संस्थेने उद्या एका सभासदाला दोन खाती ठेवायची मुभा दिली, तर सभासद_क्र → आयएफएससी हा नियम मोडेल आणि सभासद तक्ता पुन्हा फोडावा लागेल. यादी हाताशी असेल तर कोणता नियम बदलला आणि त्यावर कोणता तक्ता उभा होता, हे लगेच सापडेल आणि तेवढाच तक्ता बदलून काम भागेल.